आधी बायोटिन बंद, मग टीएसएच पुन्हा

*नमस्कार. वय ३४, राहणार नाशिक. ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला. नोव्हेंबरपासून केस इतके गळतायत की बाथरूमची जाळी रोज तुंबते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून डिसेंबरपासून १०,००० मायक्रोग्रामची बायोटिनची गोळी आणि माशांपासून केलेली कोलॅजन पावडर घेतेय. पावडरीचा २०० ग्रॅमचा डबा १,८०० रुपयांना पडतो. थायरॉइडची ७५ची गोळी चार वर्षं चालू आहे, टीएसएच नेहमी दोन-अडीच असतं. या वेळी ०.०७ आलं आणि फ्री टी४ वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, गोळी ५०ची करा. मला तर काहीच त्रास होत नाही. बायोटिन आणि कोलॅजन चालू ठेवू का? सासूबाई माळकरी आहेत, त्यांना ‘प्लांट कोलॅजन’ चालेल का?*

थायरॉइडची गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना आजच फोन करा आणि एवढंच सांगा: “मी रोज दहा मिलिग्रॅम बायोटिन घेतेय, रक्त दिलं त्या दिवशीही घेतलं होतं.” ही गोष्ट त्यांना बहुधा माहीत नसेल. ‘काही औषधं चालू आहेत का’ असं विचारलं की केसांच्या गोळ्या कुणी मोजत नाही. ती औषधं नाहीत, ‘सप्लिमेंट’ आहेत, असंच सगळ्यांना वाटतं.

तुमचा रिपोर्ट खोटा असण्याची शक्यता बरीच आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, मोजताना लॅबमध्ये दोन अँटीबॉडी वापरतात. एकीला बायोटिन जोडलेलं असतं, दुसरी उजेड देते. टीएसएच या दोघींच्या मधे पकडलं जातं. मग स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाचा लेप दिलेले बारीक मणी त्या बायोटिनला घट्ट धरतात, बाकीचं सगळं धुऊन टाकतात आणि उरलेल्या उजेडावरून आकडा काढतात. आता रक्तातच मोकळं बायोटिन भरपूर असलं, तर मण्यांवरच्या जागा तेच अडवून बसतं. पकडलेलं टीएसएच धुण्यात वाहून जातं, उजेड कमी पडतो आणि मशीन ‘टीएसएच कमी’ असं छापतं. फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक, याच्या चाचणीचं गणित उलटं असतं. तिथे उजेड जितका कमी तितकं टी४ जास्त धरतात. म्हणजे त्याच एका गोळीने टीएसएच खोटं खाली जातं आणि टी४ खोटं वर. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला की रिपोर्ट अगदी असाच दिसतो, त्यामुळे डॉक्टरांनी गोळी कमी करायला सांगितलं यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

चुकेल ते यापुढे. गरज ७५ची असताना ५०वर आलात, तर दोन-तीन महिन्यांत थायरॉइड खरोखरच कमी पडू लागेल आणि थायरॉइड कमी पडणं हे केस गळण्याचं ठरलेलं कारण आहे. केस थांबावेत म्हणून घेतलेल्या गोळीने केस आणखी गळायला लागायचे.

म्हणून क्रम असा ठेवा. बायोटिन आजपासून बंद. गमी, मल्टिव्हिटॅमिन, ‘हेअर स्किन नेल’ लिहिलेली कुठलीही गोळी, या सगळ्यांच्या मागचं लेबल बघा. बायोटिनचं दुसरं नाव व्हिटॅमिन बी७, काही डब्यांवर व्हिटॅमिन एच असंही लिहिलेलं असतं. कोलॅजन पावडरीतही ते बरेचदा मिसळलेलं असतं, म्हणून तो डबाही तपासा. अमेरिकेतली थायरॉइड डॉक्टरांची संघटना चाचणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगते. तुमचा डोस मोठा आहे, म्हणून पूर्ण आठवडा थांबा, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही. आठव्या दिवशी सकाळी आधी रक्त द्या आणि थायरॉइडची गोळी त्यानंतर घ्या. लॅबमध्ये विचारा की त्यांच्या चाचणीत बायोटिनचा अडथळा येतो का. सगळ्याच किटमध्ये तो येत नाही, काही कंपन्यांनी आपली किटं सुधारलीही आहेत. पण काउंटरवर ‘आमच्याकडे नाही येत’ एवढंच तोंडी सांगितलं तर त्यावर विसंबू नका, आठवडा थांबाच.

टीएसएच पुन्हा दोनच्या आसपास आलं, तर ७५ची गोळी होती तशी चालू ठेवायला डॉक्टर सांगतील. तेव्हाही ते ०.१च्या खालीच राहिलं, तर ते खरं आहे आणि मग डोस कमी करण्यात अर्थ आहे. मधल्या आठवड्यात गोळी ७५ची घ्यायची की ५०ची, हे फोनवर डॉक्टरांनाच ठरवू द्या. छातीत धडधड, हात थरथरणं, विनाकारण वजन उतरणं, झोप उडणं यातलं काही असेल तर आठवड्याची वाट न बघता जाऊन भेटा. डोस खरंच बदलला, तर त्याचा परिणाम टीएसएचमध्ये दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधी तपासून काही कळत नाही.

हा घोटाळा थायरॉइडपुरता नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, याच कारणाने काही लॅबमध्ये खोटा कमी दिसतो आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त. सगळ्यांत धोक्याची चाचणी ट्रोपोनिनची, जी हार्ट अटॅक ओळखायला करतात. बायोटिनमुळे ती खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१७ साली याबद्दल इशारा दिला, त्यात अशा खोट्या रिपोर्टमुळे झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. घरात कुणी बायोटिन घेत असेल आणि छातीत दुखून दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर तिथे पोचताच हे सांगायचं.

आठवडा झाल्यावर बायोटिन पुन्हा सुरू करायचं का? माझ्या मते, नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्राम आहे. तुमच्या गोळीत त्याच्या किमान अडीचशेपट आहे. अंडी, शेंगदाणे, डाळी, दूध यांतून गरजेपुरतं मिळून जातं, शिवाय आतड्यातले जिवाणूही थोडं तयार करतात. खरी कमतरता फार क्वचित दिसते. जन्मजात एंझाइमचा दोष असलेली मुलं, फिट्सची काही औषधं वर्षानुवर्षं घेणारी माणसं, महिनोन्‌महिने कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाणारे, अशी ही यादी आहे. कच्च्या पांढऱ्यातलं एव्हिडिन बायोटिनला बांधून ठेवतं, उकडलं की तो प्रश्न संपतो. बायोटिनने केस सुधारल्याच्या ज्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापल्या गेल्या, त्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली निघाला. सगळ्या मिळून अठरा केसेस आणि प्रत्येकीच्या मागे काही ना काही आजार. अंगात कमतरता नसलेल्या बाईचे केस बायोटिनने दाट होतात, असं दाखवणारी धड चाचणी झालेली नाही. ठिसूळ नखांवर काही छोटे अभ्यास आहेत, पण तेही लंगडे.

मग मैत्रिणीचे केस बायोटिनने थांबले ते कसे? तुमचंच वेळापत्रक बघा, म्हणजे उलगडेल. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. मोठा ताप आला की वाढीतले बरेच केस एकदम या बसण्याच्या अवस्थेत ढकलले जातात. ते लगेच पडत नाहीत, त्यांची मुदत संपल्यावर पडतात. म्हणून ऑगस्टच्या डेंग्यूचे केस तुमच्या हातात नोव्हेंबरमध्ये आले. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. बाळंतपणानंतर, टायफॉइडनंतर, मोठ्या ऑपरेशननंतर किंवा महिन्याभरात सात-आठ किलो उतरवणाऱ्या डाएटनंतर हेच होतं. ही गळती बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. आता बघा, माणूस गोळी कधी सुरू करतो? गळती अगदी टिपेला असते तेव्हा. तुम्ही डिसेंबरमध्ये केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये केस थांबतील, कपाळाच्या कडेला बोटभर उभे नवे केस दिसतील आणि सगळं श्रेय त्या डब्याला जाईल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

गळती याच प्रकारची आहे का, हे घरी बऱ्यापैकी ताडता येतं. एक दिवस डोकं धुऊ नका. मग साधारण पन्नास-साठ केसांची एक बट अंगठा आणि दोन बोटांत धरा, मुळापासून टोकापर्यंत हलका ताण देत बोटं सरकवा. डोक्याच्या चार-पाच ठिकाणी असं करा. प्रत्येक वेळी पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले, तर गळती अजून चालू आहे. आलेल्या केसाचं टोक उजेडात धरून बघा. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळापासून मुदत संपून पडलेला केस आहे. गाठच नसेल, केस मधूनच तुटलेला असेल, तर कारण मुळाशी नाही. स्ट्रेटनिंग, रंग, ओल्या केसांवर फिरवलेला कंगवा, घट्ट बांधलेला अंबाडा अशा ठिकाणी ते शोधा.

भांग आधीच्या फोटोंपेक्षा रुंद दिसत असेल आणि माथ्यावरचे केस बारीक होत चालले असतील, तर ती अनुवंशाने येणारी विरळता असू शकते. ती आपोआप थांबत नाही, तिला डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल लागतं आणि फरक कळायला सहा महिने द्यावे लागतात. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले तर ती चाई. या दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडेच जायला हवं, आणि सहा महिने उलटूनही गळती थांबली नाही तरीसुद्धा.

टीएसएचसाठी रक्त देताना त्याच सुईत सीबीसी आणि फेरिटिनही करून घ्या, यावर केलेला खर्च वाया जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं आणि हिमोग्लोबिन बरं असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. फेरिटिन ३०च्या खाली आलं, तर साठा संपत आलाय असं धरतात. तापात आणि जंतुसंसर्गात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, पण तुमच्या डेंग्यूला आता बरेच महिने झालेत, त्यामुळे तो अडथळा नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, तर ती आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमचंही तसंच. दोन्ही थायरॉइडच्या गोळीला आतड्यात अडवतात. लोहाच्या गोळीच्या आसपास तासभर चहाही नको.

कमतरता कळल्याशिवाय ‘असू दे, अंगाला लागेल’ म्हणून झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ए असलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ए जास्त झालं तर केस गळतात, वाढत नाहीत. अमेरिकेत २००८ साली एका पातळ सप्लिमेंटमध्ये लेबलावर लिहिल्याच्या दोनशेपट सेलेनियम गेलं आणि दोनशे माणसांना बाधा झाली, त्यांत केस गळणं ठळक होतं. आपल्याकडे बुलढाण्यात शेगावच्या आसपासच्या गावांत डिसेंबर २०२४पासून माणसांची डोकी काही दिवसांत टक्कल झाली, तेव्हाही डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडेच बोट गेलं.

आता कोलॅजन. याचा पुरावा बायोटिनइतका पोकळ नाही, पण डब्यावरच्या चेहऱ्याइतका तुकतुकीतही नाही. पावडरीतलं कोलॅजन आधीच तोडून बारीक केलेलं असतं. पोटात त्याची अमिनो आम्लं होतात आणि काही दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे तसेच रक्तात पोचतात. हे तुकडे त्वचेतल्या पेशींना स्वतःचं कोलॅजन बनवायला चिथावतात, असा दावा आहे आणि तो अगदीच अशक्य नाही. अडीच ते दहा ग्रॅम रोज, आठ ते बारा आठवडे, एवढं घेतल्यावर त्वचेचा ओलावा आणि लवचीकपणा यंत्रावर थोडा वाढलेला दिसतो, असं बऱ्याच चाचण्या सांगतात. मेख अशी की या चाचण्यांना पैसा पुष्कळदा पावडर विकणाऱ्यांचाच असतो. २०२५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २३ चाचण्यांचं, जवळपास दीड हजार माणसांचं, एकत्र विश्लेषण आलं. सगळ्या चाचण्या मिळून पाहिल्या तर फायदा दिसतो. कंपनीचे पैसे नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की दिसेनासा होतो. उत्तम दर्जाच्या चाचण्यांतही तेच.

हे झालं त्वचेचं. केसांसाठी तर पुरावा आणखी तोकडा आहे. केस केराटिनचा असतो, कोलॅजनचा नव्हे. केराटिनला घट्टपणा देणारं सिस्टीन हे अमिनो आम्ल त्वचेतल्या कोलॅजनमध्ये जवळजवळ नसतंच. ट्रिप्टोफॅन हे अन्नातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल तर मुळीच नसतं, म्हणून कोलॅजन हे अपुरं प्रथिन आहे आणि दिवसाच्या प्रथिनाच्या हिशेबात ते धरायचं नसतं. तुमचं वजन ५८ किलो असेल, तर रोज साधारण ४८ ग्रॅम प्रथिन लागतं. डेंग्यूनंतर खाणं अर्ध्यावर आलं असेल तर आधी ते भरून काढा. दोन अंड्यांत बारा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. पोळ्या-भाकरी आणि दही-दूध धरून एवढ्यात काम होतं.

तरीही त्वचेसाठी म्हणून पावडर घेऊन बघायची असेल, तर हौस म्हणून घ्या, पण हिशेब मांडून. रोज दहा ग्रॅमने बारा आठवड्यांचे ८४० ग्रॅम होतात, म्हणजे तुमचे चार डबे संपून पाचवा फोडावा लागेल, नऊ हजार रुपये. त्याआधी डबा उलटा करून पोषणाचा तक्ता बघा. शुद्ध कोलॅजनमध्ये १०० ग्रॅमला ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. तक्त्यात प्रथिन ५० ग्रॅम लिहिलं असेल, तर उरलेला अर्धा डबा माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, संत्र्याची चव आणि रंग आहे आणि दहा ग्रॅमच्या चमच्यातून तुम्हाला पाचच ग्रॅम कोलॅजन मिळतंय. पुढच्या बाजूचा मोठा आकडा बरेचदा सगळ्या मिश्रणाच्या वजनाचा असतो. घटकांत बायोटिन असेल तर तो डबा थायरॉइडवाल्यांनी घेऊच नये. मासे सोसत नसतील त्यांनी माशांचं कोलॅजन टाळावं आणि मूतखडा होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण त्यातल्या हायड्रॉक्सिप्रोलिनचं शरीरात ऑक्झलेट बनतं.

त्याच नऊ हजारांत वर्षभराचं सनस्क्रीन येतं आणि त्याचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत, जे रोज सनस्क्रीन लावत होते त्यांच्या त्वचेवर म्हातारपणाच्या खुणा २४ टक्के कमी दिसल्या. २०१३ साली हे छापून आलं. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं, उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा. गोरेपणासाठी विकतात त्या ग्लुटाथायोनच्या गोळ्यांचा विचार करत असाल तर तो सोडा. शिरेतून देतात ती इंजेक्शनं तर अजिबात नकोत, त्यांत ॲलर्जीपासून यकृत-मूत्रपिंडापर्यंत जिवावरचे धोके आहेत.

सासूबाईंच्या बाबतीत: वनस्पतीत कोलॅजन नसतंच. ते गाई-म्हशी, डुक्कर, कोंबडी किंवा माशांच्या कातडी-हाडांतून काढतात. ‘प्लांट कोलॅजन’ म्हणून मिळतं त्यात कोलॅजन नसतं, तर शरीराला ते बनवायला मदत करतील अशा समजुतीने घातलेले आवळा, बांबूची सिलिका, काही अमिनो आम्लं असे घटक असतात. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका असेल तर माळकरी माणसाला चालेल, तपकिरी त्रिकोण असेल तर नाही. मात्र औषधी कॅप्सूलचं मऊ आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराचंच असतं आणि औषधांच्या पाकिटावर ही खूण असेलच असं नाही, तेव्हा दुकानदाराला विचारून घ्या. फायद्याचं म्हणाल, तर रोज एक ताजा आवळा किंवा एक पेरू खाल्ला तर व्हिटॅमिन सीची गरज भागते आणि त्याला डब्याचे पैसे पडत नाहीत. आणि घटकांत ‘सेस्बेनिया’ असं नाव दिसलं तर तो आपल्या हादग्याचा अर्क. हादगा भाजीत उत्तम, पण या डब्यांत तो बायोटिनसाठीच घातलेला असतो. रोपातून आलेलं बायोटिनही लॅबच्या मण्यांवर तितकंच चिकटतं. त्यांच्या वयात थायरॉइडची किंवा हृदयाची तपासणी कधीही लागू शकते, म्हणून असा डबा घेतलाच तर तो चालू असल्याचं त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.